चष्म्याचं पाकीट लिबलिबीत का राहतं, आणि कडेला वळ का येतो

प्रश्न: ऑनलाइन मेरिनो लोकर मागवून सपाट साच्याभोवती, म्हणजे फर्म्याभोवती, गुंडाळून चष्म्याचं पाकीट करून पाहिलं. गरम पाणी, साबण सगळं वापरलं, तासभर चोळलं. तरी पाकीट लिबलिबीत राहिलं, थर सुटे सुटे वाटतात आणि दोन्ही कडांना जाड वळ उभा राहिला आहे. साबण कमी पडला का? आणि गावाकडे धनगरांकडची लोकर मिळते, ती चालेल का?

उत्तर:

साबण बहुधा जास्तच झाला असेल. पण तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. थर सुटणं हे सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत बिघडतं. कडेचा वळ मात्र शेवटी येतो, फर्मा गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिल्यामुळे. म्हणून दोन्हींचा इलाज वेगळा.

आधी आत काय चालतं ते पाहा. डोक्यावरचा एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळा. बोटं दोन्हीकडे सारखीच फिरतात, पण केस एकाच बाजूला सरकत जातो, मुळाच्या बाजूला. कारण त्यावरचे खवले टोकाकडे तोंड करून असतात. एका दिशेने सरकू देतात, उलट दिशेने अडतात. लोकरीच्या तंतूचंही तसंच, आणि मेरिनोवर हे खवले दाट असतात. ओल्या लोकरीवर हात फिरवला की प्रत्येक तंतू थोडा पुढे सरकतो, शेजारच्या तंतूंमधून वाट काढतो आणि मागे येऊ शकत नाही. असे हजारो तंतू एकमेकांत शिरले की कापड बनतं, आणि तंतू शिरताना आपल्यासोबत बाकीच्यांना ओढतात म्हणून ते आटतं. गरम पाण्याने तंतू फुगून मऊ होतो, साबणाने तो निसरडा होतो. तरी काम करते ती हालचालच. उष्णता आणि साबण तिला मदत करतात, एवढंच.

यावरून दोन गोष्टी निघतात. सुरुवातीला तंतूंना सरकायला मोकळीक हवी, म्हणून हात हलका हवा. जोर लावून चोळलं तर वरचेच तंतू आपापसांत गुंतून एक साय धरते, आणि खालचे थर होते तसेच राहतात. ती साय एकदा धरली की आतल्या तंतूंना वर यायला वाट उरत नाही. दुसरं, तंतू एकमेकांना टेकलेले हवेत. पाणी फार झालं किंवा फेसाचा डोंगर झाला की ते त्यात तरंगतात, तुम्ही चोळत राहता आणि काहीच अडकत नाही. तळहाताखाली नुसतं घसरल्यासारखं वाटलं तर समजा की पाणी जास्त आहे, टॉवेलने टिपून घ्या.

लोकरीबद्दलही एक शंका आधी फेडून घ्या. ‘मशीन वॉश चालेल’ असं लिहिलेली लोकर असेल तर तिचे खवले प्रक्रिया करून बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. ती कितीही चोळली तरी बसणार नाही, म्हणजे तंतू एकमेकांत शिरून तिचं कापड होणार नाही. बाजारात ‘वूल’ म्हणून मिळणारा बराचसा धागा अॅक्रिलिकचा असतो, त्याचंही तेच. परीक्षा सोपी आहे. चिमूटभर लोकर साबणाच्या गरम पाण्यात बुडवून तळहातांत लाडू वळतात तशी पाच-सात मिनिटं वळा, आधी अगदी हलकं, मग जोराने. घट्ट गोळी झाली तर माल चांगला आहे. नाही झाली तर पुढचं काही वाचायची गरज नाही, लोकर बदला.

आता मापाकडे. पाकिटाच्या कामात सगळ्यात जास्त चुकतं ते हेच, कारण लोक फर्मा चष्म्याच्या मापाचा कापतात. किती आटेल हे लोकर, थर आणि तुमचा हात यांवर ठरतं, म्हणून आधी एक नमुना करा. 20 सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात चार थर, प्रत्येक थर 3 ग्रॅमचा, म्हणजे एकूण 12 ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. एकेक थर नेमका भरायचा नाद सोडा, 12 ग्रॅम एकत्र मोजून त्याचे चार सारखे ढीग करा. हा चौकोन पूर्ण आटवल्यावर मोजा. समजा तो 13.3 सेंटिमीटर झाला, तर 20 भागिले 13.3 म्हणजे दीड. हा दीड तुमचा गुणक. मेरिनोत माझा साधारण एवढाच येतो, पण माझा आकडा घेऊन फर्मा कापू नका, तुमचा काढा.

चष्म्यासाठी तयार पाकीट 10 बाय 17 सेंटिमीटर हवं असं धरू. दीडने गुणलं की फर्मा 15 बाय 25.5 सेंटिमीटरचा. एका बाजूचं क्षेत्रफळ साधारण 380 चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या नमुन्याच्या चौकोनाएवढंच. तेव्हा लोकरही तेवढीच: एका बाजूला 12 ग्रॅम, दोन्ही मिळून 24. तीन-तीन ग्रॅमचे आठ ढीग करून ओळीने ठेवा. कापड तीनेक मिलिमीटर जाड होतं, चष्म्याला ते पुरतं. त्याहून पातळ केलं तर लवकर होतं, पण आकार धरत नाही.

फर्म्याला पॅकिंगमध्ये येतो तो पातळ फोमचा पत्रा सगळ्यात बरा. पुठ्ठा भिजून लगदा होतो. फर्म्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यावर लोकर पातळ पडते आणि तिथेच भोक पडतं. बाकी सामान घरातलंच: जुना टॉवेल, बबल रॅप, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, बांबूची चटई किंवा खिडकीचा जुना चिक, झाकणाला भोकं पाडलेली बाटली. साबण म्हणजे कपड्यांच्या साध्या साबणाची वडी, किसून एक चमचा, एक लिटर गरम पाण्यात विरघळवून. डिटर्जंट पावडर नको. डाग काढणारी एन्झाइम्स असलेली पावडर प्रथिन खाते, आणि लोकर प्रथिनच आहे. भांड्यांचं लिक्विड चालतं, पण थेंबा-थेंबाने, कारण त्याचा फेस आवरत नाही. बोअरवेलचं पाणी असेल तर वडीचा साबण त्यात फुटतो आणि लोकरीवर पांढरा चिकट थर बसतो. अशा ठिकाणी सरळ पावसाचं किंवा नळाचं मऊ पाणी घ्या, नाहीतर भांड्यांचं लिक्विड वापरा.

लोकर पसरताना पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची सैल लड, एका हातात सैल धरा आणि दुसऱ्या हाताने त्याचं टोक चिमटीत न धरता बोटं आणि तळहात यांच्यात धरून हळू ओढा. दोन्ही हात वीतभर दूर असले की तंतू सहज सुटून येतात. जवळ असले तर एकाच तंतूची दोन टोकं तुम्ही दोन्ही हातांनी धरलेली असता, मग कितीही ओढा. सुटून आलेला झुपका पातळ, जाळीदार हवा, खालचा टेबल दिसेल इतका. असे झुपके छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवत ओळ भरा. पहिला थर उभा, त्यावरचा आडवा. दिशा बदलणं महत्त्वाचं आहे, कारण एकाच दिशेने थर टाकले तर कापड एका अंगाने आटतं आणि दुसऱ्या अंगाने फाटतं. चार बाजूंनी लोकर फर्म्याबाहेर दोनेक सेंटिमीटर लोंबू द्या.

आठही थर एकदम रचू नका, दोन-दोन करून घ्या. फर्म्याच्या एका बाजूला पहिले दोन थर पसरा, जाळी अंथरा, कोमट नव्हे तर हाताला सोसेल इतपत गरम साबणपाणी मधून शिंपडत कडेकडे या. तळहाताने दाबून आतली हवा बाहेर काढा. लोकर चपटी होऊन फर्म्याला चिकटली पाहिजे. कुठे पांढुरका, फुगलेला भाग दिसला तर तिथे पाणी पोहोचलेलं नाही. हा कोरडा भाग नंतर थर सुटण्याचं दुसरं कारण होतो, म्हणून आत्ताच दाबून पाहा. मात्र बाहेर लोंबणारी लोकर कोरडीच ठेवा. आता सगळं उलटं करा, ती लोंबणारी लोकर वळवून या बाजूवर घट्ट ओढून बसवा आणि तिच्यावर पाणी शिंपडा. या बाजूला दोन थर, पुन्हा उलटं, पुन्हा कडा वळवणं. मग उरलेले दोन-दोन थर तसेच. असं केल्याने दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत शिरतात आणि शिवण म्हणून वेगळी रेघ राहत नाही. तोंड उघडं ठेवू नका. पाकीट चारही बाजूंनी बंद करायचं आणि नंतर कापायचं, म्हणजे तोंडाची कड बाकीच्यासारखी जाड राहते.

आता चोळणं. पहिली पाच मिनिटं जाळीवरून साबण लावलेले तळहात फक्त थोपटत, गोल गोल, वजन न देता फिरवा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना जेवढा दाब असतो तेवढाच, याहून जास्त नाही. दर मिनिटाला जाळी उचलून पाहा, तंतू तिच्यातून वर येऊन अडकायला लागतात. अडकले असतील तर जाळी ओढू नका, एका हाताने लोकर दाबून दुसऱ्याने सोडवा. मग दाब हळूहळू वाढवा. दोन्ही बाजूंना मिळून वीस मिनिटं गेली की चिमटीची परीक्षा करा: लोकर दोन बोटांत धरून वर उचला. एकेक तंतू सुटून वर आला तर अजून चोळायचं आहे. सगळा तुकडा एकत्र, कातडीसारखा उचलला गेला तरच पुढे जा. तुमच्या कहाणीत बहुधा ही परीक्षा राहिली आणि त्याआधीच जोराचं काम सुरू झालं.

कडांकडे इथेच लक्ष द्या, कारण वळाचं कारण इथे तयार होतं. लोकर आटत असते, फर्मा आटत नाही. फर्म्याच्या कडेला वळवलेली लोकर थोडी सैल असेल तर आटताना तिला बसायला जागा मिळत नाही, ती बाहेर निघते आणि तिथेच स्वतःशी गुंतून बसते. हा झाला वळ. एकदा पक्का झाला की फारसा हटत नाही. म्हणून चोळताना मधून मधून बोटांच्या टोकांनी कडेवरून आतल्या दिशेने, पाकिटाच्या मध्याकडे, लोकर रेटत राहा. कड चोळताना बाहेरच्या दिशेने हात नेऊ नका.

फर्मा केव्हा काढायचा हे तोच सांगतो. लोकर आटायला लागली की आतला फर्मा मावत नाही, कडा वर उचलल्या जातात आणि सपाट ठेवलेलं पाकीट तव्यावरच्या पापडासारखं वाकतं. हे दिसलं की त्याच क्षणी कापायचं, पाच मिनिटंही पुढे ढकलायचं नाही. एका अरुंद कडेवर धारदार कात्रीने सरळ चीर द्या, फर्मा ओढून काढा आणि पाकीट उलटं करा. आता आतून कडा दिसतात. वळ येऊ लागला असेल तर आत एक मूठ घाला, बाहेरून साबणाच्या बोटांनी त्या रेषेवर आडवं चोळा, पाकीट फिरवून कडेची रेष मधोमध आणा आणि पुन्हा चोळा. ताजा वळ पाचेक मिनिटांत बसतो. कापलेल्या तोंडाला लगेच साबण लावून बोटांनी हलकं चोळा, नाहीतर तंतू विस्कटतात.

आता जोर. या टप्प्यापासून पाणी जास्त गरम घ्या आणि साबण कमी करा. पाकीट सपाट करून बबल रॅपमध्ये आणि मग चटईत घट्ट गुंडाळा, दोरी बांधा आणि हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लाटा. शंभर फेऱ्या झाल्या की उघडा, सुरकुत्या ओढून सरळ करा, पाकीट नव्वद अंशांत फिरवून पुन्हा गुंडाळा. चारही दिशा, मग पालथं करून पुन्हा चारही. गुंडाळीच्या दिशेने कापड जास्त आटतं, हे पट्टी लावून तुम्हाला दिसेल. लांबी जास्त राहिली असेल तर लांबीच्या दिशेने आणखी लाटा, रुंदी जास्त असेल तर रुंदीच्या. माप असं आणतात. शेवटी चटई सोडून हातात घ्या, कणीक मळतात तसं मळा, आणि सिंकमध्ये दहा-वीसदा आपटा. काही जण गरम पाण्यातून काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायला सांगतात. मला त्याने आटण्यात फरक पडलेला दिसत नाही. नुसतं थंड पाणी लोकर हलवत नाही.

झालं हे कसं ओळखायचं? पृष्ठभाग गुळगुळीत राहत नाही, संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार होतो. दोन्ही हातांनी ताणलं तर ताणत नाही. आणि पट्टी लावली की 10 बाय 17 येतं. मापाला एक सेंटिमीटर जास्त असलं तरी ते अजून आटू शकतं, कमी असलं तर काही करता येत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात दर काही मिनिटांनी मोजा.

मग साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्यात धुवा. शेवटच्या पाण्यात लिटरला एक-दोन चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा. साबण क्षारयुक्त असतो आणि तो आत राहिला तर लोकर कालांतराने ठिसूळ होते. टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. आत कापडाचा बोळा भरून सावलीत आकार देऊन वाळवा.

धनगरांच्या लोकरीबद्दल. दख्खनी मेंढीची लोकर मेरिनोच्या जवळपास दुप्पट जाड असते आणि तिच्यात ताठ, पोकळ केस भरपूर असतात. हे केस जवळजवळ बसतच नाहीत, पृष्ठभागावर बाहेर टोचत राहतात. त्यामुळे तिचं कापड हळू बसतं, आटतंही कमी आणि खरखरीत राहतं. पण म्हणून ती कामाची नाही असं मुळीच नाही. आपल्याकडचे जेन आणि बुरणूस हे असेच बसवलेल्या लोकरीचे जाड अंथरण-पांघरण होते. काश्मीरचा आणि कच्छचा नमदाही याच पद्धतीचा: पिंजलेली लोकर चटईवर पसरायची, पाणी किंवा साबणपाणी शिंपडायचं, गुंडाळायची आणि पायाने लाटत राहायची. मंगोलियात तर साबणाशिवाय, ओली लोकर कातड्यात गुंडाळून तो गुंडाळा घोड्यामागे ओढतात. म्हणजे वेळ आणि वजन दिलं तर जाड लोकरही बसते. बसायची चटई, गरम भांड्याखाली ठेवायची जाड गादी, पिशवी यांना दख्खनी लोकर उत्तम. चष्म्याच्या काचेला ती टोचते आणि बारीक केस सांडते.

वापरायचीच असेल तर कातरलेली लोकर आधी धुवा, हाताने निवडून गवताचे काटे आणि जाड केस काढा, आणि पिंजून घ्या. न पिंजलेल्या झुपक्यांवर कितीही साबण ओता, ते झुपकेच राहतात. पाकिटासाठी मी मधल्या दोन थरांना दख्खनी आणि आतल्या व बाहेरच्या थराला मेरिनो घेते. मेरिनोचे बारीक तंतू तिच्यातून आरपार जाऊन तिला धरून ठेवतात. पण गुणक बदलतो, कारण दख्खनी कमी आटते. नवा नमुना करावा लागेल.

तुमचं आत्ताचं पाकीट टाकू नका. वाळलं असेल तर गरम साबणपाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि चिमटीने पाहा. थर नुसते सैल असतील तर जाळीखाली पुन्हा हलक्या हाताने सुरुवात करा, बऱ्याचदा तंतू अजूनही शिरतात. साय धरली असेल आणि थर नखाने सोलून वेगळे होत असतील तर ते पुन्हा जोडले जाणार नाहीत. वरचा थर सोलून काढा, त्या जागी पातळ नवी लोकर दोन दिशांनी पसरा आणि तिथून पुढे चला. वळ मात्र कडक झाला असेल तर कात्रीने त्याचा माथा छाटून त्या रेषेवर एक पातळ झुपका आडवा बसवा. रेघ दिसेल, पण पाकीट वापरता येईल.